ऑथॉरिटी लेटर काउंटरवरून परत येतं तेव्हा: कोणते शब्द, कोणत्या क्रमाने तपासायचे

सातपूरच्या एका कारखान्यात मी प्रशासन विभाग सांभाळते. सहकाऱ्याला आपल्या वतीने कागद आणायला पाठवायचे आणि तो रिकाम्या हाताने परत यायचा, हा प्रकार माझ्या टेबलावर कायम येतो. पत्र पाहिलं की बहुतेक वेळा दोष एका-दोन ओळींत सापडतो. पण तो शोधायचा क्रम ठरलेला असला तर वेळ वाचतो, म्हणून इथे तो सविस्तर लिहिते आहे.

लक्षणं

तुमचं पत्र खालीलपैकी कुठल्या कारणाने अडलं ते आधी नीट आठवा, किंवा ज्याला पाठवलं होतं त्याला काउंटरवरचं वाक्य जसंच्या तसं विचारा. "नाही म्हणाले" एवढ्यावर दुरुस्ती करता येत नाही.

- "यांचं नाव पत्रात वेगळं आहे आणि ओळखपत्रावर वेगळं."
- "कुठली कागदपत्रं? पत्रात नुसतं 'कागदपत्रे' लिहिलंय."
- "घेऊन जा म्हटलंय, पण पोच द्यायला सही करायचा अधिकार कुठे दिलाय?"
- "ही सही छापलेली दिसते. मूळ सहीचं पत्र आणा."
- "पत्रावर सही करणाऱ्याला तरी हा अधिकार आहे का?"
- "आमच्या ठरलेल्या फॉर्मवर आणा."

आणखी एक लक्षण आहे आणि ते सगळ्यात उशिरा कळतं. काउंटरवर काहीच अडत नाही, कागद मिळतात, सहकारी खुशीत परत येतो. महिन्याभराने लक्षात येतं की त्याने जिथे सही केली त्या कागदावर "मिळाले" याहून बरंच काही लिहिलेलं होतं. पत्र परत आलं तर एक फेरी वाया जाते. ढिलं पत्र चाललं तर मात्र हक्काचं नुकसान होऊ शकतं. म्हणून खालच्या तपासण्यांत मी सगळ्यात जास्त वेळ त्याच मुद्द्याला देणार आहे.

पहिली तपासणी: समोरच्यांचा स्वतःचा नमुना आहे का?

एका फोनचं काम आहे. बँका, विद्यापीठांचे परीक्षा विभाग, मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग यांच्याकडे पुष्कळदा छापील नमुना असतो आणि त्यावर नसेल तर उत्तम मराठीतलं पत्रही ते घेत नाहीत. फोनवर तीनच गोष्टी विचारा: तुमचा फॉर्म आहे का, पत्र कोणत्या पदाच्या नावाने लिहायचं, आणि येणाऱ्याने मूळ ओळखपत्र आणायचं की छायाप्रत चालेल.

कधी कधी वेगळं पत्र लागतच नाही, अधिकार लिहायची जागाच दुसरी असते. दुय्यम निबंधक कार्यालयाचं उदाहरण घ्या. दस्त नोंदणीसाठी सादर केल्यावर पावती मिळते. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ६१ प्रमाणे नोंदवलेला दस्त परत देताना तो सादर करणाऱ्याला द्यायचा, किंवा त्याने त्या पावतीवर लेखी नेमलेल्या व्यक्तीला. म्हणजे दस्त लगेच हातात आला नसेल आणि नंतर सहकारी आणणार असेल, तर नेमणूक त्या पावतीवर लिहायची असते. लोक लेटरहेडवर सुबक पत्र करून पाठवतात आणि पावती मात्र कपाटात ठेवतात. तिथे पत्रातला एकही शब्द चुकलेला नसतो, कागदच चुकीचा असतो.

दुसरी तपासणी: नाव, ओळखपत्र, तारीख

ही पाच मिनिटांची आहे. सहकाऱ्याचं ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावर जसं नाव आहे तसंच पत्रात उतरवा. आपण ज्याला रोज बाळूभाऊ म्हणतो त्याचं लायसन्सवरचं नाव वेगळं असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सहकारी महिलेचं पॅन एका नावाने आणि कंपनीचं ओळखपत्र दुसऱ्या नावाने असणं तर अगदी नेहमीचं. अशा वेळी जे ओळखपत्र ती काउंटरवर दाखवणार तेच नाव पत्रात घ्यायचं आणि त्याच ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा. काउंटरवरच्या माणसाने ना तुम्हाला पाहिलेलं असतं ना तिला. पत्रातला क्रमांक आणि हातातल्या कार्डावरचा क्रमांक जुळणं, एवढाच त्याचा आधार असतो.

शक्यतो आधारऐवजी लायसन्स किंवा पॅन वापरा. आधारच द्यायचं असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात तो मास्क केलेला आधार द्या. छायाप्रत कुठलीही असो, तिच्यावर आडवं लिहा: "फक्त अमुक कार्यालयातून कागदपत्रे घेण्यासाठी, दिनांक अमुक." छायाप्रत तिथल्या फाइलमध्ये राहते आणि तुम्हाला परत मिळत नाही.

तारखा दोन हव्यात: पत्राची आणि मुदतीची. मुदत नसलेलं पत्र सावध कर्मचारी घेत नाही, आणि बेसावध कर्मचाऱ्याने ते सहा महिन्यांनीही घेऊ नये. पंधरा दिवसांची मुदत बहुतेक कामांना पुरते.

तिसरी तपासणी: सही खरी शाईची आहे का, आणि नमुना सही आहे का?

बाहेरगावी असलेला माणूस मोबाइलमधली सहीची प्रतिमा पत्रात चिकटवून पीडीएफ पाठवतो आणि इथे आपण ती छापतो. ही सही कोणीही चिकटवू शकतो, म्हणून काउंटरवर तिला किंमत नसते. मूळ पत्र कुरिअरने मागवा. हाताशी दिवस असेल तर त्याच्या जोडीला एक गोष्ट आवर्जून करा. ज्याचे कागद आहेत त्याने, त्या कार्यालयात आधीपासून नोंदलेल्या स्वतःच्या ईमेलवरून, "अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझे पत्र घेऊन येत आहे" असा मजकूर पाठवावा आणि पत्राची प्रत सोबत जोडावी. सहीबद्दल शंका आली तर समोरच्याला ताडून पाहायला काहीतरी मिळतं.

सहकाऱ्याची नमुना सही पत्रावरच असली पाहिजे आणि ती तुम्ही साक्षांकित केलेली हवी. दोघं दोन गावांत असाल तर क्रम उलटा ठेवावा लागतो. सहकाऱ्याने पत्राच्या कागदावर आधी आपली नमुना सही करायची, तो कागद तुमच्याकडे जायचा, तुम्ही त्याखाली साक्षांकन आणि पत्राची सही करून तो परत पाठवायचा. घाईत हा क्रम मोडला की आधी सही झालेल्या पत्रावर नंतर नमुना सही येते. मग तुम्ही कोणाची सही साक्षांकित केली, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

चौथी तपासणी: क्रियापदं

पत्राचं खरं काम इथे होतं. "कागदपत्रे घेण्यासाठी", "पोच देण्यासाठी" आणि "आवश्यक तिथे सही करण्यासाठी" हे तीन वेगवेगळे अधिकार आहेत. पहिल्यात सहकारी पाकीट हातात घेतो. दुसऱ्यात पाकिटात काय होतं हे तो तुमच्या वतीने कबूल करतो. तिसऱ्यात काय काय येतं हे तुम्हाला पत्र लिहिताना माहीतच नसतं.

आमच्याकडे रुजू झालेल्या एका मुलीचं प्रकरण सांगते. आधी ती अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होती. आमच्याकडे आल्याबरोबर तिला दोन महिन्यांसाठी होसूरला पुरवठादाराकडे पाठवलं. जुन्या कंपनीकडे तिचं कार्यमुक्तीचं पत्र, अनुभव प्रमाणपत्र, जमा केलेलं डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र आणि अंतिम हिशोबाचा चेक असं सगळं पडून होतं. तिने आमच्याच स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याच्या नावाने पत्र दिलं. त्यातला मजकूर असा होता:

"माझी सर्व कागदपत्रे घेण्यासाठी व आवश्यक तिथे सही करण्यासाठी माझे सहकारी यांना पाठवत आहे. कृपया त्यांना सहकार्य करावे."

पत्र काउंटरवर चाललं. तिथल्या बाईंनी चार वस्तू समोर ठेवल्या आणि सहीसाठी एकच कागद पुढे केला. कागदाच्या वरच्या भागात कागदपत्रांची यादी होती. खाली बारीक अक्षरात होतं: "माझे कंपनीकडील सर्व येणे मला मिळाले असून यापुढे माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही." आमचा सहकारी वाचून सही करणारा माणूस. त्याने तिथूनच मला फोन केला आणि तो कागद वाचून दाखवला. मी होसूरला फोन लावून मुलीला चेकची रक्कम सांगितली. तिच्या शिल्लक रजांचे पैसे त्यात धरलेलेच नव्हते.

तिने लिहिलेल्या "आवश्यक तिथे सही" या शब्दांनी त्याने ती सही केली असती तर काय झालं असतं, याचा नीट विचार करा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १८८ प्रमाणे एखादं काम करण्याचा अधिकार दिला की ते करण्यासाठी जी जी कायदेशीर गोष्ट गरजेची असेल ती करण्याचा अधिकारही त्यात येतो. जुनी कंपनी सहज म्हणू शकली असती की कागद देण्यासाठी आमच्याकडे हीच पावती लागते, म्हणून ही सही "आवश्यक"च होती. रजेचे पैसे मागायला गेल्यावर तीच पावती पुढे आली असती. अशा सहीविरुद्ध भांडता येत नाही असं नाही, पण मग तो वकिलाकडे जायचा विषय होतो.

त्या दिवशी सहकाऱ्याने सही न करता, कोणाशी वाद न घालता कागद तिथेच ठेवले आणि तो परत आला. आम्ही पत्र नव्याने लिहिलं. त्यात पैसे आणि कागद वेगळे केले. नवं पत्र असं:

दिनांक: ____

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
____, अंबड, नाशिक

विषय: माझी खालील तीन कागदपत्रे ताब्यात घेऊन त्यांची पोच देण्यासाठी प्राधिकारपत्र

महोदय/महोदया,

मी, (पूर्ण नाव), कर्मचारी क्रमांक ____, आपल्या कंपनीत क्वालिटी विभागात दि. ____ पर्यंत कार्यरत होते. सध्या कामानिमित्त नाशिकबाहेर असल्याने मी प्रत्यक्ष येऊ शकत नाही. म्हणून माझे सहकारी श्री. (पूर्ण नाव), वाहन चालविण्याचा परवाना क्रमांक ____, यांना माझ्या वतीने पुढील दोनच गोष्टी करण्याचा अधिकार देत आहे.

१) खालील कागदपत्रे ताब्यात घेणे:
(अ) कार्यमुक्तीचे पत्र, मूळ प्रत;
(आ) अनुभव प्रमाणपत्र, मूळ प्रत;
(इ) डिप्लोमाचे मूळ प्रमाणपत्र, अनुक्रमांक ____.

२) वरील कागदपत्रे मिळाल्याची पोच, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या सहीने, "(माझे नाव) यांच्या वतीने" असे नमूद करून देणे.

या पत्राने रोख रक्कम वा चेक स्वीकारण्याचा, हिशोब मान्य करण्याचा, येणे मिळाल्याचे अथवा मागणी शिल्लक नसल्याचे लिहून देण्याचा अधिकार दिलेला नाही. हा अधिकार श्री. ____ यांना दुसऱ्या कोणास देता येणार नाही. हे पत्र एकाच वेळेसाठी असून दि. ____ पर्यंतच वैध आहे.

श्री. ____ यांची नमुना सही: ____
वरील नमुना सही साक्षांकित: (माझी सही)

आपली,
(सही, पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: दोघांच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती.

दुसऱ्या फेरीत कंपनीने तीन कागदांची साधी पोच वेगळी करून घेतली आणि कागद दिले. चेक आणि हिशोबाचं प्रकरण त्या मुलीने स्वतः ईमेलवर चालू ठेवलं.

या पत्रातले काही शब्द मुद्दाम तसे आहेत. "दोनच गोष्टी" म्हटल्यावर तिसरी गोष्ट आपोआप बाहेर राहते. तरीही काय दिलेलं नाही हे मी वेगळ्या वाक्यात लिहायला सांगते, कारण समोरचा माणूस कागद पुढे करतो तेव्हा सहकाऱ्याला बोट ठेवून दाखवायला ओळ लागते. "मला अधिकार नाही" असं तोंडी म्हणणं अवघड जातं, पत्रातली ओळ दाखवणं सोपं जातं. प्रमाणपत्राचा अनुक्रमांक लिहिला म्हणजे मूळ कागदाऐवजी छायाप्रत किंवा दुसऱ्याचंच प्रमाणपत्र पाकिटात आलं तर तिथेच कळतं. आणि "एकाच वेळेसाठी" असल्यामुळे तिथे फाइलला लागलेलं पत्र पुन्हा वापरता येत नाही.

सहकाऱ्याने स्वतःची सही करायची, तुमची गिरवायची नाही. "अरे, तिचीच सही मार, आपलाच माणूस आहेस" असं काउंटरवरून प्रेमाने सांगितलं जातं. तुमची परवानगी असली तरी त्या कागदावर खोटी सही उमटते. पुढे वाद झाला की ती कोणी, कशी केली हे त्यालाच निस्तरावं लागतं. वर "यांच्या वतीने", खाली त्याची सही, त्याखाली त्याचं नाव आणि तारीख एवढंच असावं.

पोच देताना बंद पाकीट मिळालं तर "बंद पाकीट मिळाले, आतील कागद तपासलेले नाहीत" असं हाताने लिहून मगच सही करायची, हे सहकाऱ्याला निघण्यापूर्वीच सांगा. पाकीट उघडता येत असेल तर यादीशी एकेक कागद ताडायचा आणि जो नसेल त्यापुढे "मिळाला नाही" लिहायचं. पोचपावतीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, म्हणजे तुम्ही दूर असलात तरी काय सही झाली ते त्याच दिवशी दिसतं.

पैसे घ्यायचेच असतील तर

थोडक्यात सांगते. पत्र वेगळं करा, त्यात चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि "फक्त माझ्या नावाचा रेखांकित चेक" असं लिहा. रोख रकमेसाठी सहकाऱ्याला पाठवूच नका. पाच हजार रुपयांहून जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, चेकच्या पावतीलाही, म्हणून ते सहकाऱ्याच्या खिशात असू द्या. नुसते कागद मिळाल्याच्या पोचेला ते लागत नाही. काउंटरवर कोणी तिकीट मागितलं तर समजा की पुढे केलेली पावती कागदांची नसून पैशांची आहे आणि ती पुन्हा वाचा.

पाचवी तपासणी: पत्र देणाऱ्याला अधिकार आहे का?

वैयक्तिक कागदांसाठी हा प्रश्न येत नाही. पत्र कंपनीच्या वतीने असेल तर येतो आणि इथली दुरुस्ती जरा मोठी असते. मालकीच्या धंद्यात मालकाची सही आणि शिक्का पुरतो. भागीदारीत भागीदाराची सही लागते. प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड कंपनीत मात्र, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २१ प्रमाणे, कंपनीच्या वतीने कागदांवर सही करायची ती प्रमुख व्यवस्थापकीय पदावरच्या व्यक्तीने किंवा संचालक मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने अथवा कर्मचाऱ्याने. म्हणून सरकारी कार्यालय किंवा बँक संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागते तेव्हा ते तुम्हाला त्रास देत नसतात. आपल्याकडे तो ठराव आहे का आणि त्यात कोणाचं नाव आहे, हे कंपनी सचिवांना किंवा सीएंना विचारा.

औद्योगिक वसाहतीत नेहमी दिसणारी चूक अशी. कंपनीने अकाउंट्सच्या मॅनेजरला कागद आणायचा अधिकार दिलेला असतो. मॅनेजर कामात असतो, म्हणून तो आपल्या सहीने ऑफिसच्या मुलाला पुढचं पत्र देतो. करार कायद्याच्या कलम १९० प्रमाणे जे काम स्वतः करायचं म्हणून कोणी अंगावर घेतलं, ते त्याने सहसा दुसऱ्याकडे सोपवायचं नसतं, धंद्याच्या रीतीने किंवा कामाच्या स्वरूपाने तशी मुभा असेल तरच. उपाय सोपा आहे. मूळ पत्रातच दोन नावं घ्या: "श्री. अमुक किंवा त्यांच्या अनुपस्थितीत श्रीमती तमुक". दोघांची नमुना सही घ्या.

पत्र मागे घ्यायचं असेल तर

सहकारी नोकरी सोडून गेला किंवा काम रद्द झालं, तर त्याला फोन करून "राहू दे" म्हणणं पुरत नाही. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचं समोरच्या पक्षाला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच राहतो. म्हणून त्या कार्यालयाला दोन ओळींचं पत्र द्या, "दि. अमुकचे प्राधिकारपत्र रद्द करत आहे", आणि तुमच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. मूळ पत्र सहकाऱ्याकडे असेल तर तेही परत घ्या.

इथे थांबा, पुढे वकिलाकडे जा

पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी काही कामं त्याने होत नाहीत. ती ओळखा आणि शब्द बदलत बसू नका.

घर किंवा जमिनीचे मूळ कागद बँकेतून सोडवायचे असतील तर शक्यतो स्वतः जा. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. १ डिसेंबर २०२३ पासून परत करायच्या कागदांना तो लागू आहे. कर्ज ज्या शाखेत होतं तिथून किंवा कागद उपलब्ध असतील अशा दुसऱ्या कार्यालयातून ते घेण्याची निवडही कर्जदाराला आहे, म्हणून सोयीची शाखा मागून पाहा. जाणं शक्यच नसेल तर बँक कोणतं मुखत्यारपत्र स्वीकारेल हे तिच्याकडून लेखी घ्या आणि तो मसुदा वकिलाकडून करून घ्या.

सहकाऱ्याला एखाद्या प्राधिकरणापुढे "माझ्या वतीने हजर राहून" बाजू मांडायला पाठवणार असाल तर ते साधं पत्र राहत नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यातल्या मुखत्यारपत्राच्या व्याख्येत, न्यायालय, न्यायाधिकरण किंवा प्राधिकरणापुढच्या कामकाजात हजर राहण्याचा अधिकार देणारा लेखही येतो. त्याला मुद्रांक लागतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० रुपयांच्या जागी ५०० रुपये आले आहेत. उलट, नुसते कागद आणण्याच्या पत्राला वजन यावं म्हणून पाचशेचा स्टँप पेपर आणण्यात अर्थ नाही. स्टँप पेपर आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात, त्यामुळे इथल्या लोकांना त्यांचं अप्रूप आहे. पण पत्रात वस्तूंची यादी नसेल तर स्टँप पेपरवरचं पत्रही काउंटरवरून परतच येतं.

ज्याचे कागद आहेत ती व्यक्ती परदेशात असेल तर तिकडे केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करावं लागतं. त्याआधी तिथे ते कोणापुढे आणि कसं साक्षांकित करायचं, हे वकिलाला विचारूनच करा.

ती व्यक्ती आजारी आहे, सही करू शकत नाही, अंगठा उमटवणार आहे, अशा वेळी घरच्यांनी किंवा ऑफिसने स्वतः मसुदा करू नये. तिला मजकूर वाचून दाखवला आणि समजला याला साक्षीदार लागतात, आणि पुढे शंका घेतली जाते ती नेमकी यावरच. नोटरी किंवा वकिलालाच बोलवा. आणि व्यक्ती वारली असेल तर तिच्या हयातीत दिलेलं पत्र वापरूच नका, मुदत शिल्लक असली तरी. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मृत्यूने अधिकार संपतो. इथून पुढे कागद मागायचे ते वारसांनी, आणि त्यासाठी कोणता दाखला लागेल हे त्या कार्यालयाचं उत्तर लेखी घेऊन वकिलाला दाखवा.